पावसाळ्यात लाल मातीने माखलेले स्पोर्ट्स शूज मशीनला लावावेत का?

अंगणातली_तुळस

नमस्कार मंडळी. मुलगा सैन्यभरतीची तयारी करतोय. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला जातो आणि रविवारी मित्रांबरोबर जांबोटी रोडला. या दिवसांत घरी येतो तेव्हा बुटांचा मूळ रंग कुठला होता तेही कळत नाही, इतकी लाल माती. ब्रशने घासून घासून हात दुखतात आणि जाळीच्या आतली माती काही निघत नाही.

घरात फ्रंट लोड मशीन आहे. मुलगा म्हणतो, आई, सरळ मशीनला लाव. सासूबाईंचं म्हणणं, पायातलं पायताण कपड्यांच्या मशीनमध्ये घालायचं नाही. शेजारच्या वहिनींच्या मुलाचे बूट मशीनमधून सोल सुटूनच बाहेर आले, त्यामुळे मीही जरा बिचकले आहे.

घरात धुण्यासारखे तीन जोड आहेत:
१. मुलाचे पळायचे शूज. वरून सगळी जाळी, खाली जाड पण वजनाला हलका पांढरा फोम. यंदाच घेतलेत.
२. त्याचेच स्नीकर्स. पुढच्या टोकाला आणि बाजूला मऊ लव असलेलं चामडं.
३. ह्यांचे जुने ट्रेकिंगचे बूट. माळ्यावर कित्येक वर्षं पडून आहेत. दिसायला नव्यासारखे.

कुठले मशीनला चालतील आणि कसे लावायचे, ते ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा.

निपाणीकर

बिनधास्त लावा हो. आमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक आहे, पोरांचे शाळेचे पांढरे कॅनव्हास शूज दर शनिवारी त्यातच. गरम पाणी ओतायचं, पावडर घालायची, थोडं ब्लीच, पंधरा मिनिटं फिरवायचं. एकदम पांढरेफेक. मळ गरम पाण्यानेच सुटतो, थंड पाण्यात नुसतं भिजतं. फक्त वाळवताना उन्हात ठेवू नका, उन्हानेच सोल सुटतात. तुमच्या वहिनींच्या मुलाचं तेच झालं असणार.

जुना_बेळगावकर

बूट धुण्यासाठी वेगळं मशीन घ्यायचा विचार असेल तर घाई करू नका. हल्ली शहरात बूट धुऊन देणारी दुकानं निघाली आहेत, जोडीमागे पैसे घेतात. घरात एवढ्यासाठी मशीन घेणं मला पटत नाही. कॅम्पातल्या शाळेत आम्ही होतो तेव्हा पीटीच्या शूजना खडू लावायचो.

अंगणातली_तुळस

काका, वेगळं मशीन नाही घ्यायचं. घरात कपड्यांचं आहे, त्यातच लावू का असं विचारतेय.

निपाणीकर, माझे कॅनव्हासचे नाहीत, जाळीचे आहेत. त्यालाही गरम पाणी चालतं का?

सोल_आणि_शिवण

ताई, गरम पाणी मुळीच नको. मी काही वर्षं बुटांच्या कारखान्यात पेस्टिंगला होतो, आता शहरातच दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात माझ्याकडे सोल सुटलेले जितके जोड येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना विचारलं की एक तर गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावलेला असतो, नाहीतर वाळवताना गॅसजवळ, इन्व्हर्टरवर, हेअर ड्रायरखाली धरलेले असतात.

कारण सांगतो. स्पोर्ट्स शूजचा सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. कारखान्यात अप्परला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, आणि सोलला सोल्युशन लावतात, ते वाळवतात, मग दोन्ही भाग हीटरखालून काढतात. साधारण ५५ ते ६५ अंशांच्या आसपास ते वाळलेलं सोल्युशन पुन्हा जागं होतं, चिकट होतं, आणि त्याच क्षणी प्रेसमध्ये दाबतात. आता तुमच्या मशीनवर सुती कपड्यांचा ६० अंशांचा प्रोग्रॅम असतो. म्हणजे ज्या गरमीने आम्ही ते चिकटवलं त्याच गरमीला तुम्ही ते परत नेताय, आणि तेही दाबून न धरता उलट ड्रममध्ये आपटत. टोकाला जिथे बूट वाकतो तिथून पहिली फट पडते. ४० अंशांना लगेच सुटणार नाही, पण सोल्युशन मऊ पडायला तिथूनच सुरुवात होते, शिवाय आतून पाणी लागलेलं असतं. म्हणून थंडच.

फोमचंही तेच. पळायच्या बुटांत बहुतेक ईव्हीए असतो. तो पाण्याने बिघडत नाही, गरमीने आकसतो. फोम आकसला आणि अप्पर तसाच राहिला की बूट पुढून वर उचलल्यासारखा दिसतो. तो परत सरळ होत नाही.

आता तुमचे तीन जोड. पहिला चालेल, अटी आहेत, खाली सांगतो. दुसरा अजिबात नको. लव असलेलं चामडं पूर्ण भिजून घुसळलं गेलं की त्यातलं तेल निघून जातं, वाळल्यावर ते पापडासारखं कडक होतं आणि रंग शेजारच्या कापडावर उतरतो. ते कोरड्या ब्रशनेच, फार तर ओल्या फडक्याने. तिसऱ्याबद्दल आधी एक करून बघा. अप्परच्या खालच्या जाड थरात, टाचेच्या बाजूला, अंगठ्याचं नख जोरात रोवा. काय होतं ते इथे लिहा, मग बोलू.

निपाणीकर

दादा, मग आमच्या पोरांचे शूज गरम पाण्यात कसे टिकतात? तेही सोल्युशननेच चिकटवलेले असणार ना?

सोल_आणि_शिवण

कॅनव्हासच्या बऱ्याच बुटांत रबराची पट्टी कापडावर ठेवून बूट अख्खाच्या अख्खा भट्टीत भाजतात, रबर तिथेच पक्कं होतं. बादलीतल्या गरम पाण्याने त्याला काही होत नाही. त्यामुळे तुमचं चाललंय ते खरं आहे, पण ते जाळीच्या शूजना लागू नाही.

तरी एकदा आतला तळवा काढून खाली बघा. शिवलेलं कापड दिसलं तर ठीक. पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर ते पाण्यात फुगतं, गोळे होतात, आणि पोरगं पायाला टोचतंय म्हणतं. स्वस्तातल्या शाळेच्या बुटांत असा पुठ्ठा खूप असतो. ही तपासणी सगळ्यांनीच करावी, कुठलाही बूट मशीनला लावायच्या आधी.

उन्हाचं तुमचं अर्धं बरोबर आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात सोल सुटत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावर ठेवले तर सुटेल, कारण पत्रा तापतो. आणि ब्लीच बंद करा. पांढऱ्या कॅनव्हासच्या कडेला पिवळी रेघ येते का?

निपाणीकर

येते की. रबर आणि कापड मिळतं तिथे. मला वाटायचं बोअरचं पाणी जड आहे म्हणून.

सोल_आणि_शिवण

जड पाण्याचा हातभार असतोच, साबण नीट निघत नाही. पण मुळात तो कापडात राहिलेला साबण आणि ब्लीच आहे. वाळताना पाणी कडेकडेला सरकतं, साबण सोबत नेतं, शेवटी जिथून उडून जातं तिथे तो साठतो आणि उन्हात पिवळा पडतो. पावडर निम्मी करा, दोनदा जास्त खंगाळा, शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. आणि वाळताना वरून साधा पांढरा टिश्यू गुंडाळा, पिवळं जे यायचं ते त्या कागदावर येतं.

खानापूरचा_गडी

मी पण पळतो, म्हणून लिहालोय. आमच्याकडची माती तुम्हाला सांगायला नको, एकदा जाळीत बसली की बसली. एक गोष्ट ध्यानात ठेवा वहिनी, ओला चिखल कधी धुवायचा न्हाई. आम्ही आल्या आल्या नळाखाली धरत होतो, तेवढी ती माती पातळ होऊन अजून आत जात होती. आता रात्रभर तसेच ठेवतो, सकाळी दोन बूट एकमेकांवर आपटतो, निम्म्याच्या वर माती तिथेच पडते. मग कोरडा ब्रश.

पण माझं मत मशीनला लावू नये असंच हाय. माझा एक जोड मी मशीनला लावत होतो, एक हाताने धुवत होतो. मशीनवाला लवकर कडक झाला बघा. पायाला कळतंय की.

सोल_आणि_शिवण

दोन्ही जोड सारखेच पळवले होते का? पळून पळूनही फोम दबतोच.

खानापूरचा_गडी

सारखेच असं न्हाई म्हणता येणार. मशीनवाला डांबरी रस्त्याला जास्त वापरला. पण तरी मला फरक वाटला.

सोल_आणि_शिवण

मग नुसत्या पायावरून मशीनने किती आणि रस्त्याने किती हे वेगळं काढता येत नाही. मी तुम्हाला खोटं पाडत नाही. हाताने धुतलेलं केव्हाही बरं, आणि बहुतेक कंपन्याही हातानेच धुवा असं सांगतात. वॉरंटीत सोल सुटला म्हणून घेऊन गेलात आणि मशीनमध्ये धुतलेले कळलं तर नाकारू शकतात. ज्यांना रोजच्या चिखलापुढे हाताने जमत नाही, त्यांनी कमीत कमी नुकसान कसं करावं, एवढंच मी सांगतोय. कार्बनची पट्टी असलेले महागडे रेसचे शूज मात्र मीही मशीनला लावा म्हणणार नाही.

अथणीचा_मेकॅनिक

मशीन दुरुस्तीचं काम करतो म्हणून मशीनच्या बाजूने बोलतो. मशीनने बूट खराब होतात तसं बुटांनी मशीनही होतं.

आमच्याकडे काळी माती, तुमच्याकडे लाल, पण खडे दोन्हीकडे. सोलच्या खाचांत अडकलेला खडा ड्रममध्ये सुटतो, भोकातून किंवा दाराच्या रबराच्या घडीतून खाली जातो आणि ड्रेन पंपाच्या फिल्टरला जाऊन बसतो. मग मशीन पाणी सोडत नाही. नशीब बरं नसेल तर पंपाचा पंखा तुटतो. फिल्टर मशीनच्या खाली उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात छोट्या झाकणामागे असतो. बूट धुतल्यावर तो उघडून बघायचाच. खाली ताट ठेवा, पाणी येतं.

दुसरं, नुसता एक जोड कधी लावू नका. फिरताना सगळं वजन एका बाजूला जातं आणि मशीन धाडधाड करत चालायला लागतं. सोबत दोन जुने जाड टॉवेल टाका, वजन पसरतं आणि आपटणंही कमी होतं. स्पिन सगळ्यात कमी, बहुतेक फ्रंट लोडला ४०० असतो. बंद करता आला तर बंदच.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी स्पिनरमध्ये बूट घालूच नयेत. ते भांडं अरुंद आणि वेग फार, बूट एका बाजूला बसले की आतल्या रबरी बुशची वाट लागते. खिळेवाले क्रिकेटचे बूट तर कुठल्याच मशीनला नको, ड्रमला ओरखडा पडतो आणि पुढे सगळे कपडे त्याला अडकून फाटतात.

अंगणातली_तुळस

सगळ्यांचे आभार. ह्यांच्या जुन्या बुटाला नख रोवून बघितलं. नख आत गेलं आणि तिथला तुकडा भुगा होऊन हातात आला! वरून इतका चांगला दिसत होता. मी तर अजून धुतलेही नव्हते.

सोल_आणि_शिवण

म्हणून विचारलं होतं. तो पीयूचा सोल आहे. पीयू हवेतल्या दमटपणाने आतल्या आत तुटत जातो, न वापरता पडून राहिला तरी. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर तर नक्कीच. असे बूट मशीनला लावले की भुग्याने मशीन भरतं आणि लोक म्हणतात मशीनने बूट खाल्ला. मशीनने नाही खाल्ला, तो आधीच गेलेला होता. घालूनही जाऊ नका, चढणीवर असताना सोल निघाला तर पंचाईत होईल. अप्पर चांगला असेल तर नवीन सोल बसवता येतो, पण खर्च आणि अप्परची अवस्था बघून ठरवा.

आता मुलाच्या जोडाचं, क्रमाने.

माती पूर्ण वाळू द्या, खानापूरच्या भाऊंनी सांगितलं तसं आपटा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. खाचांतले खडे काडीने काढा. नाडी आणि आतला तळवा काढा. तळवा मशीनला नको, त्याचं कापड फोमपासून सुटतं, तो हाताने धुवा. बूट हाताने वाकवून अप्पर आणि फोम मिळतात ती रेघ बघा. टोकाला जरा जरी फट दिसली तर आधी चिकटवून घ्या, मग धुवा.

बूट जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. नाडी त्यातच. दोन टॉवेल सोबत. लिक्विड डिटर्जंट दोन छोटे चमचे, पावडर नको, ती जाळीत अडकते. कपडे मऊ करायचं लिक्विड नको, त्याचा थर बसतो आणि वास धरतो. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, पाणी थंड, आणि हे बटण दाबून खात्री करा, कारण काही मशीनवर नाजूकलाही आपोआप ३० किंवा ४० येतं. एक जादा खंगाळणं. झालं की लगेच काढा, बंद मशीनमध्ये तासन्‌तास ठेवू नका.

मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पिळू नका. आत पांढरी सुती फडकी भरा. वर्तमानपत्र भरतात लोक, पण पांढऱ्या अस्तराला शाई लागते. पहिली फडकी तासाभरात ओली होतील, ती बदला. बूट भिंतीला तिरके टेकवा, तोंड पंख्याकडे.

अंगणातली_तुळस

वाळले की नाही कसं ओळखायचं? गेल्या पावसाळ्यात हाताने धुतलेले वरून कोरडे वाटले, घालून गेला आणि दोन दिवसांत असा वास की खोलीत थांबवेना.

सोल_आणि_शिवण

टोकाच्या आत बोट जात नाही आणि ओल तिथेच राहते. स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे का? धुवायच्या आधी, माती झाडून झाल्यावर, एका बुटाचं वजन लिहून ठेवा. वाळल्यावर तेच वजन आलं पाहिजे. चार-पाच ग्रॅम जास्त असेल तर आत पाणी आहे.

अंगणातली_तुळस

काल लावले. सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, तळवा बाहेर, टॉवेल सोबत, थंड पाणी. आमच्या मशीनला नाजूकवर खरंच ४० येत होतं, ते बदललं. फिल्टरमध्ये तीन बारीक खडे आणि चमचाभर लाल गाळ निघाला!

वजन: उजवा बूट आधी २७१ ग्रॅम. टॉवेलमध्ये दाबून झाल्यावर ३३८. रात्रभर पंख्याखाली ठेवून आज सकाळी २८९, आणि हाताला तर पूर्ण कोरडा लागत होता. मुलगा घालायला निघाला होता, काट्यावर ठेवून दाखवला तेव्हा थांबला. बाहेर सारखी भुरभुर आहे, उद्यापर्यंत लागेल असं दिसतंय.

सोलची रेघ जशी होती तशीच आहे. माती जवळपास सगळी गेली. फक्त टोकाच्या पांढऱ्या जाळीवर फिकट तांबूस डाग राहिलाय. त्याला काय करू? थोडं ब्लीच?

निपाणीकर

ब्लीच नको हो, मी पण बंद केलं!

सोल_आणि_शिवण

ब्लीचने तो जाणार नाहीच. आपल्या मातीचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंज, तो ब्लीचने सुटत नाही, उलट जाळी पिवळी पडते आणि धागा कमजोर होतो. पाव कप पाण्यात अर्धा छोटा चमचा लिंबूसत्व विरघळवून मऊ ब्रशने फक्त डागावर लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून काढा, दोनदा. बराचसा फिका होईल. पूर्ण जाईलच असं नाही. गंज काढणारं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड फरशीच्या काही क्लीनरमध्ये असतं, त्याने निघतो, पण ते विषारी आहे, घरात वापरू नका.

जुना_बेळगावकर

सासूबाईंच्या मुद्द्याचं कोणीच काही बोललं नाही. पायताण आणि कपडे एका मशीनमध्ये, हे मलाही खटकतं.

अथणीचा_मेकॅनिक

काका, त्यासाठी बूट काढल्यावर दाराच्या रबराची घडी फडक्याने पुसायची आणि रिकामं मशीन ड्रम क्लीनवर किंवा ६० अंशांवर एकदा चालवायचं. तेव्हा गरम चालतं, आत बूट नसतात. तेवढं केलं की पुढच्या कपड्यांना माती लागत नाही.

अंगणातली_तुळस

ते केलं. सासूबाईंना दाखवलं, तरी त्यांनी त्यांच्या साड्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, त्या हातानेच धुणार म्हणतात. त्यांचं मन मोडायचं नाही, त्यामुळे बूट महिन्यातून एकदाच लावायचं ठरलंय, एरवी आपटून आणि ब्रशने.

आणि संध्याकाळचं वजन २७९. अजून आठ ग्रॅम.

खानापूरचा_गडी

त्याला सांगा, दुसरा जोड घालून जा म्हणावं उद्या.